तिसऱ्या काचपेटीतला बूट

विभावरीला शिसारी यायची अशा गोष्टींत 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रकार फार वर होता. त्याच्याही वर होती ती माणसं, जी जागा भरून झाली की पेन्सिल ठेवून हसतात. आयर्लंडच्या किल्डेअर भागातल्या नेस या गावी राहायला येऊन तिला पाच वर्षं झाली होती. या गावात तिला बाकी सगळं सहन व्हायचं. आडवा पाऊस चालायचा, उकडलेला कोबी चालायचा, उसन्या मायेनं 'ग्रँड, ग्रँड' म्हणणारे शेजारीही चालायचे. पण मंगळवारी सकाळी शाळेची बस संग्रहालयाच्या दाराशी लागली आणि पोरांच्या हातात तो चार पानी कागद पडला, की ती खिडकीकडे तोंड फिरवायची.

ती मूळची नागपूरची. तिकडच्या एका संग्रहालयात आठ वर्षं शाळांना वस्तू दाखवण्याचं काम तिनं केलं होतं. तिथं पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं यायची, पेंढा भरलेल्या वाघापाशी थोडी रेंगाळायची आणि बाईंनी टाळी वाजवली की मागच्या दारानं बाहेर पडायची. आत काय होतं म्हणून विचारलं तर सगळी एका सुरात 'वाघ' म्हणायची. तेव्हाच तिच्या मनानं घेतलं की माणसाला बघायला शिकवावं लागतं, आणि ते कोणीच शिकवत नाही. मग लग्न झालं. नवरा चंद्रहास चिपच्या कारखान्यात इंजिनियर होऊन आयर्लंडला आला आणि ही त्याच्या व्हिसाला बांधून आली. नवऱ्याच्या मागून आलेल्या बायकांना त्या वेळी नोकरीची मुभा नव्हती. इतर मराठी बायका एकमेकींकडे जाऊन ढोकळ्याच्या कृती लिहून घ्यायच्या. विभावरी गावातल्या छोट्या संग्रहालयात फुकट राबायला लागली. जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीत दोन मजल्यांवर ते थाटलेलं होतं. पुढे नियम बदलले आणि तिथंच तिला अर्धवेळ पगार सुरू झाला. शाळांच्या भेटी हे तिचं काम.

आणि त्या कामाबरोबर तो कागद गळ्यात पडला. चार पानं, चाळीस गाळलेल्या जागा. 'या भांड्याला ___ पाय आहेत.' शेवटच्या पानावर अक्षरांच्या चौकटीत शब्द शोधायचे आणि वर आयरिश परीकथांतला, हिरव्या टोपीतला एक बुटका हसत उभा. एखादं हुशार पोर पुढे धावायचं, पाटीवर उत्तर शोधायचं आणि ओरडायचं. बाकीची जमिनीवर पसरून लिहून घ्यायची. एकदा एका मुलीनं भांड्याकडे पाठ करून 'तीन' लिहिलेलं विभावरीनं पाहिलं. ते भांडं एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या आयरिश दुष्काळातलं होतं. त्यातून उपाशी माणसांना पातळ पेज वाढली जायची. पोरीनं त्याच्याकडे मान वळवण्याचे कष्टही घेतले नाहीत, आणि घ्यावेत तरी का, कागदाला फक्त आकडा हवा होता. विभावरीनं त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता घरी आणला.

मग तिनं नवा कागद केला. एकच पान, पाठपोट. वस्तू फक्त तीन. पहिल्या पेटीत ते भांडं, दुसरीत पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, कापायचं फावडं, तिसरीत लोणी साठवायची लाकडी बादली. कागदावर वस्तूचं नाव नाही, चित्र नाही, नुसता पेटीचा आकडा आणि खाली मोठी कोरी चौकट. आधी पेन्सिल खाली ठेवून दोन मिनिटं नुसतं बघायचं. मग चौकटीत चित्र काढायचं. मग जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, आधीपासून माहीत असलेलं नाही. आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक नाही असा. भेटीच्या दिवशी पेट्यांतल्या माहितीच्या पाट्या ती पुठ्ठ्यानं झाकायची, म्हणजे पोरांचे डोळे पाटीवरून वस्तूवर येतात. वर्गाचे तीन गट पाडायचे आणि एकेका पेटीपाशी फिरवायचे. जाताना प्रश्नांचे कागद गोळा करायचे आणि प्रत्येक प्रश्नाला संग्रहालयानं नंतर पोस्टकार्डानं उत्तर द्यायचं. 'आम्हाला माहीत नाही' हेही उत्तर चालेल, असं तिनं कागदाच्या तळाशी छापायला लावलं होतं.

संग्रहालयाची प्रमुख ब्रीडा तो तळाचा मजकूर वाचून थोडी कसनुशी झाली. आपल्याला माहीत नाही असं संग्रहालयानं छापून सांगायचं म्हणजे फारच झालं, असं तिचं म्हणणं. पण बाई मुळात वाईट नव्हती, फक्त कोणाला नाही म्हणण्याची तिला भीती वाटायची. तिनं वसंतातल्या तीन शाळांपुरती चाचणीची परवानगी दिली. तिसऱ्या शाळेच्या वेळी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतल्या सांस्कृतिक वारसा अधिकारी, ऑर्ला टायनन नावाच्या बाई, बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर नवा कागद कायम. नाही पटलं तर सप्टेंबरपासून पुन्हा चाळीस जागा आणि हिरव्या टोपीतला बुटका. विभावरीनं मनाशी ठरवलं होतं की बुटका परत आला तर आपण नोकरी सोडायची. हे तिनं फक्त चंद्रहासला सांगितलं, आणि तिथंच चुकली.

पहिल्या दोन शाळा बऱ्या गेल्या. कोणी विचारलं, भांड्याच्या एकाच बाजूला खरवडल्याच्या रेघा का आहेत. कोणी विचारलं, फावडं डावखुऱ्या माणसानं वापरलं तर काय होतं. विभावरी ते कागद घरी आणून जेवताना चंद्रहासला वाचून दाखवायची. तो आमटी भुरकत ऐकायचा आणि एकदा म्हणाला की प्रश्न जरा साधेच आहेत, अधिकारी बाईंवर छाप पडायची तर काहीतरी वजनदार पाहिजे. तिनं तिकडे दुर्लक्ष केलं. पुण्याच्या माणसाचं मत ऐकून सोडून द्यायचं असतं, एवढं ती लग्नानंतर शिकली होती.

तिसऱ्या शाळेच्या चौथीच्या वर्गात चार मराठी पोरं होती. त्यांतली एक ज्ञानदा, चंद्रहासच्या कारखान्यातल्या यशोधनची मुलगी. मुलगी शांत, मराठी सगळं कळायचं पण उत्तर द्यायची ते थेट किल्डेअरच्या इंग्रजीत.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी विभावरी पेट्या पुसत होती. तिसऱ्या पेटीत बादलीच्या बुडाशी तिला पिठासारखी बारीक भुकटी दिसली. ती वाकून बघत राहिली. लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी ताजी भोकं पडली होती. कीड जिवंत होती. ब्रीडाला बोलावलं. दोघींनी हातमोजे घालून बादली बाहेर काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तोंड बंद केलं आणि इतर लाकडापासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवली. पुढल्या आठवड्यात तिच्यावर उपचार करायला डब्लिनला पाठवायची ठरली. रिकामी पेटी दाखवायची कशी, म्हणून ब्रीडानं कोठारातून दुसरी वस्तू आणली आणि स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. तो होता लहान मुलाचा एकच चामडी बूट, जुनं घर पाडताना चुलीच्या धुराड्यात सापडलेला. कागद बदलायची गरजच नव्हती, कारण कागदावर नुसतं 'पेटी तीन' होतं. विभावरीला उलट बरंच वाटलं. त्या एकट्या बुटाकडे बघून कोणाच्याही मनात प्रश्न आला असता.

घरी आली तेव्हा चंद्रहास रात्रपाळीला निघून गेला होता. सकाळी तो यायच्या आत ती बाहेर पडली.

वर्ग आला. टायनन बाईही आल्या. त्या वर्गाच्या मागे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि चहा वरच्या खोलीत आहे असं कळल्यावर ब्रीडाबरोबर वर गेल्या. पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या आणि बघायला लागली. विभावरी पहिल्या पेटीपाशी उभी होती. चंद्रहासच्या कारखान्यातल्या दुसऱ्या एकाचा मुलगा बघतच नव्हता. तो छताकडे तोंड करून ओठ हलवत होता. परीक्षेच्या दारापाशी उभी पोरं पाढे म्हणतात तसे. दोन मिनिटं संपायच्या आत त्यानं पेन्सिल उचलली आणि झरझर लिहायला लागला. शेजारच्या दोन आयरिश पोरांनी मान लांबवून त्याचं उतरवून घेतलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी.

विभावरीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तिसऱ्या पेटीकडे गेली. तिथं ज्ञानदाचा गट होता. बुटासमोर उभं राहून एक मुलगा चौकटीत लाकडी बादली काढत होता. पट्ट्या, कडं, झाकण, सगळं व्यवस्थित. समोर बूट, कागदावर बादली. आणखी तिघांनी त्याच्यावरून बादली काढायला घेतली होती, आणि त्यांनी तर बादली जन्मात पाहिलेली नव्हती. ज्ञानदा मात्र हात खाली सोडून उभी होती. तिचा कागद कोरा होता आणि नाक लाल झालं होतं.

विभावरी तिच्याजवळ टेकली आणि मराठीत हळूच विचारलं, काय झालं. मुलीनं खालच्या आवाजात सांगून टाकलं. रविवारी तिच्या घरी सगळे जमले होते. चंद्रहासकाकांनी कागद आणला होता आणि तीन वस्तूंचे फोटो. बाबांनी प्रत्येक वस्तूचे प्रश्न टाइप केले, खाली त्यांची उत्तरंही लिहिली आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतले. ज्याचे बिनचूक आले त्याला आइस्क्रीम. काका म्हणाले होते, विभावरीकाकूंची नोकरी आहे, आपण त्यांचं नाव काढायचं. आणि आता इथं बादलीच नाही.

 प्रश्नांची उत्तरं लिहून दिली होती. ज्याचं उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न विचारा, एवढी एकच अट होती त्या कागदाची, आणि या डिग्र्यांच्या माळा घातलेल्या लोकांनी त्याचं गाइड काढलं. पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची सवय तिला ओळखीची होती, तिनं स्वतः त्याच्यातच मार्क मिळवले होते. पण या लोकांनी आता पोरांचं कुतूहलसुद्धा घोकून घेतलं. आणि हे सगळं तिच्या घरातून, तिच्या कॉम्प्युटरवरून, तिच्याच नवऱ्यानं, तिच्याच भल्यासाठी. त्या शेवटच्या शब्दाची तिला सगळ्यात जास्त किळस आली.

ती ज्ञानदाला एवढंच म्हणाली, "तुला जे दिसतं ते लिही. बाबांचं राहू दे."

पोरं खाऊच्या डब्यांकडे गेल्यावर ती कागदांचा गठ्ठा घेऊन वर गेली. टायनन बाईंनी गठ्ठा जवळ ओढला, चष्मा लावला आणि बिस्किट मोडत वाचायला लागल्या. पहिल्याच कागदापासून त्यांच्या भुवया वर गेल्या. या लाकडी पात्राचा त्या काळच्या लोणी-व्यापाराच्या अर्थव्यवस्थेत काय वाटा होता, असं नऊ वर्षांचं मूल विचारतं, हे त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मग दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावर तेच, एक शब्द गाळलेला. टायनन बाई म्हणाल्या की मुलांनी आपसात छान चर्चा केलेली दिसते आणि हेच तर हवं असतं. त्या अशाही म्हणाल्या की हा कागद फक्त इथंच नाही, काउंटीभर न्यायला हरकत नाही, आणि मुलांची बादलीची चित्रं छापील पत्रकावर सुंदर दिसतील.

ब्रीडा मान डोलवत होती. काल संध्याकाळी जिनं बादली प्लॅस्टिकात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं बूट ठेवला, ती बाई बादलीच्या चित्रांवर मान डोलवत होती. विभावरीनं तिच्याकडे बघितलं. ब्रीडानं नजर कपात घातली. तिला कळलं होतं, आणि तिनं गिळून टाकलं होतं.

आता फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की चाळीस जागा गेल्या, बुटका गेला, नोकरी पक्की आणि काउंटीभर नाव. ज्या कागदासाठी ती तीन महिने झुरली तो जिंकला होता. जिंकला होता म्हणजे, कोणीही काहीही न बघता जिंकला होता. पोरांनी पेटी बघितली नव्हती, बापांनी पोरं बघितली नव्हती आणि या बाई जिना उतरून खालची काच बघायला तयार नव्हत्या. गुळगुळीत कौतुकाचा तो वास तिच्या नाकात बसला. असल्या विजयापेक्षा तो हिरव्या टोपीतला बुटका बरा, निदान तो खोटं हसतो हे सगळ्यांना दिसतं.

"तिसऱ्या पेटीत बादली नाहीये," विभावरी म्हणाली. "काल संध्याकाळपासून नाहीये. तिथं एक बूट आहे."

टायनन बाईंचं बिस्किट चहात पडलं. त्यांना आधी वाटलं विनोद आहे. मग त्यांनी ब्रीडाकडे पाहिलं आणि ब्रीडाच्या मानेवरचे लाल चट्टे पाहून त्यांना कळलं की नाही. विभावरीनं सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव घेऊन, रविवारच्या आइस्क्रीमसकट. सांगताना तिला लाज वाटली नाही, कारण लाजेला जागाच उरली नव्हती, सगळी तिटकाऱ्यानं भरली होती. बाईंचा चेहरा आवळत गेला. त्या थंडपणे म्हणाल्या की मग हा कागद फसलाच म्हणायचा, मुलांनी काही पाहिलंच नाही तर उपयोग काय.

विभावरीनं गठ्ठ्याच्या तळातून एक कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. वरच्या चौकटीत बूट होता, वाकडा, टाचेपाशी झिजलेला, नाडीची भोकं मोजून काढलेली. खाली ज्ञानदाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'एकच आहे. आतून काळा आहे. पुढे बोटांची जागा फुगली आहे, म्हणजे पाय मोठा होत होता.' आणि प्रश्नाच्या जागी आधी काहीतरी लिहून खोडलेलं, मग पुन्हा लिहिलेलं होतं, 'मला सांगितलेला प्रश्न याचा नाही. माझ्या मनात दुसरा आलाय. तो विचारला तर चालेल का?'

बाईंनी ते वाचलं. त्यांनी कप बाजूला सरकवला आणि उठून खाली गेल्या. विभावरी मागोमाग गेली. वर्ग बाहेर अंगणात आरडाओरडा करत होता. टायनन बाई तिसऱ्या पेटीसमोर पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं की बोटांपाशी खरंच फुगलाय, तर तो मुलाच्या पायातून काढून धुराड्यात ठेवला, की मूल गेल्यावर. विभावरी म्हणाली, आम्हाला माहीत नाही.

कागद राहिला. काउंटीभर वगैरे काही नाही, इथंच आणि एका वर्षापुरता. टायनन बाईंनी घोकून लिहिलेले कागद बाजूला काढून शाळेला तसं कळवलं, आणि भेटीच्या आधी तिन्ही वस्तू बाहेर कोणालाही कळता कामा नयेत अशी अट घातली. ब्रीडानं दिवसभर विभावरीशी एक शब्द काढला नाही आणि संध्याकाळी दिवे मालवताना उगाचच तिचे आभार मानले. 

यशोधनचा फोन घरी तिच्याआधी पोचला होता. आपल्या पोरांचे कागद बाजूला काढले, गोऱ्यांसमोर आपल्याच माणसांना तोंडघशी पाडलं, असं त्याचं म्हणणं. चंद्रहासनं ते सगळं तिला सावकाश सांगितलं, अगदी समजूतदार आवाजात, आणि शेवटी म्हणाला की रागवायचं कारण काय, वस्तू ऐनवेळी बदलली ही तिचीच चूक, नाहीतर प्रश्न फर्स्ट क्लास होते.

ती भांडली नाही. पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून जेवणाच्या टेबलावर बसली आणि ज्ञानदाचं पहिलं घेतलं. बादलीला कीड लागली आहे आणि ती बरी व्हायला जाणार आहे, असं लिहिलं. बूट एकच का, ते आम्हाला माहीत नाही, असंही लिहिलं. मग खाली, मोठ्या अक्षरात, 'तुझ्या मनात आलेला प्रश्न विचारलेला चालतो. तोच चालतो. पाठव.'

चंद्रहास मागे येऊन उभा होता. तिकीट कशाला वाया घालवतेस, म्हणाला, उद्या पाळीवर यशोधन भेटेलच, त्याच्याकडे देतो.

"नको," ती म्हणाली. "बापाच्या हातात गेलं की तो आधी वाचेल आणि मग पोरीला प्रश्न सांगेल."

"सांगितला तर बिघडलं काय?" त्यानं खरोखरच न कळून विचारलं. "चांगलाच सांगेल ना."

विभावरीनं पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिली, तिच्या नव्या कागदावर छापली होती तेवढी दोन मिनिटं. माणूस प्रेमळ होता. कपाळ रुंद, डोळे स्वच्छ, शर्टाच्या खिशाला कारखान्याचं ओळखपत्र. त्या चेहऱ्यावर कुठंही, कुठल्याही कोपऱ्यात एकही प्रश्न नव्हता. मग तिनं कोट चढवला, कार्डाला तिकीट लावलं आणि पावसात कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत स्वतः चालत गेली.